वागळे इस्टेटमधल्या नव्या हॉटेलची पाटी: दुपारच्या गिऱ्हाइकासाठी काय लिहावे?

प्रश्न: ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आम्ही घरचेच लोक मिळून रेस्टॉरंट सुरू करत आहोत. ४४ जण बसतील. व्हेज थाळी १५० आणि चिकन थाळी २२० रुपये. स्वयंपाक आई आणि वहिनी पाहणार, पोळ्यांना दोन मावशी आहेत. गिऱ्हाईक मुख्यतः आजूबाजूच्या ऑफिसांतले, दुपारचे. संध्याकाळी आणि रविवारी फॅमिली यावी ही इच्छा. नाव आजीच्या नावावरून ठरले आहे. टॅगलाइन म्हणून 'चवीचा वारसा, मायेचा घास', 'घरगुती जेवणाचे हक्काचे ठिकाण' आणि 'द टेस्ट ऑफ ट्रॅडिशन' ही तीन सुचली आहेत. यातली कोणती घ्यावी, आणि बोर्डावर आणखी काय लिहावे? बोर्डवाला आठवड्यात मजकूर मागतो आहे.

उत्तर:

माझे स्पष्ट मत असे, की या तिन्हींपैकी एकही घेऊ नये. तिन्ही ओळी वाईट आहेत असे नाही. परंतु त्या तुमच्याविषयी बोलतात, आणि दुपारी एक वाजता रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला जे ठरवायचे असते त्यात त्यांची काहीच मदत होत नाही. शिवाय तुम्ही एकाच ओळीवर दोन कामे लादत आहात. टॅगलाइन ही नावाखाली वर्षानुवर्षे राहणारी ओळ असते, ती दुपारी आणि रात्री, सोमवारी आणि रविवारी सारखीच खरी ठरली पाहिजे. दर्शनी मजकूर म्हणजे दारापाशी उभ्या असलेल्या माणसाला आत यायला लावणारी माहिती. ती वेळेनुसार आणि दरानुसार बदलते. ही दोन कामे वेगळी केली की तुमचा अर्धा गोंधळ मिटेल. ठाणे-मुंबई पट्ट्यातल्या लहान हॉटेलांच्या पाट्या आणि मजकूर हेच माझे रोजचे काम असल्यामुळे, ही वाटणी मी कशी करतो ते तुमच्याच उदाहरणावर सांगतो.

प्रथम दुपारचा माणूस पाहू. तो बहुधा एकटा नसतो. एकाच मजल्यावरचे तीन-चार जण लिफ्टमधून उतरतात आणि गेटपाशी येईपर्यंत 'आज कुठे?' हा प्रश्न निकालात निघालेला असतो. त्यांच्याकडे पाऊण तास, फार तर तास असतो, आणि त्यात लिफ्टची वाट पाहणे आणि चालणे हेही येते. तुमची स्पर्धा समोरच्या हॉटेलाशी जेवढी, तेवढीच ऑफिसच्या कॅन्टीनशी, घरच्या डब्याशी आणि कोपऱ्यावरच्या वडापावाशी आहे. अशा माणसाला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: नेमके काय मिळेल, सगळे मिळून किती पैसे जातील आणि वेळेत परत जागेवर बसता येईल का. संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाचे प्रश्न निराळे असतात. जागा स्वच्छ आहे का, आजीला बसायला नीट खुर्ची आहे का, थाळीखेरीज मुलांना काही मिळेल का, हे ते आत डोकावून किंवा कुणाला तरी विचारून ठरवतात, पाटी वाचून नव्हे.

म्हणूनच पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट' हे शब्द मोठ्या अक्षरांत टाकू नका. आपल्याकडे ते वाचून ऑफिसमधल्या माणसाच्या डोळ्यांपुढे लांबलचक मेनूकार्ड, ऑर्डर घ्यायला उशिरा येणारा वेटर आणि पनीरच्या भाजीसाठी पंचवीस मिनिटांची प्रतीक्षा उभी राहते. काही ठिकाणी तर ते शब्द 'आत बार आहे, पण कुटुंबासाठी वेगळा भाग आहे' एवढेच सांगण्यापुरते उरले आहेत. तुमचे वैशिष्ट्य हे, की हॉटेल घरचे लोक चालवतात आणि स्वयंपाकावर घरच्याच बाईंची नजर आहे. ते सांगायचे असेल तर दाखवून सांगावे लागेल, त्याकडे पुढे येतो.

'घरगुती' या शब्दाबद्दल एक सावधगिरीची सूचना. तो ठाण्यातल्या दर दुसऱ्या खानावळीच्या पाटीवर असल्यामुळे त्याने कोणी थांबत नाही, हे एक. दुसरे असे, की खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे जे नियम आहेत, त्यांत 'होम मेड', 'होम कुक्ड' यांसारखे, ग्राहकाचा गैरसमज होऊ शकेल असे शब्द वापरू नयेत अशी तरतूद आहे. त्यावरून उद्या तुमच्या दारात कोणी तपासनीस उभा राहील असे मी म्हणत नाही. पण जो शब्द गिऱ्हाईक आणत नाही आणि वर शंकेला जागा ठेवतो, तो कायमच्या पाटीवर कोरून घेण्यात काय अर्थ आहे?

आता मुख्य मुद्दा. दुपारच्या हॉटेलाची ओळ कागदावर सुचत नाही, ती स्वयंपाकघरात मोजून काढावी लागते. ऑफिसमधला माणूस पाटीवरचे वचन त्याच दिवशी, त्याच ताटावर पडताळून पाहतो आणि दुसऱ्या दिवशी मजल्यावरच्या सगळ्यांना सांगतो. त्यामुळे तुम्हाला खात्रीने पाळता येईल आणि त्याला सहज तपासता येईल असेच वचन लिहावे. वेळ हे असे वचन आहे. पण ते लिहिण्यापूर्वी थाळी कुठे अडते ते पाहिले पाहिजे.

भाजी, आमटी, भात, कोशिंबीर, चिकनचा रस्सा हे सगळे बारा वाजता तयार असते आणि वाट्या भरून ताट लावायला दोन मिनिटेही लागत नाहीत. थाळी अडते ती पोळीपाशी. एक मावशी लाटते आणि दुसरी भाजते अशी जोडी, एका मोठ्या तव्यावर, साध्या पोळीच्या हिशेबाने सरासरी मिनिटाला दोन पोळ्या काढते. हात सरावाचा असेल तर थोड्या अधिक, घडीची पोळी असेल तर कमी. तुमच्या मावशींचा खरा वेग तुम्ही घड्याळ लावून मोजा. मी येथे दोनच धरतो.

समजा बाराला दार उघडले. साडेबारापर्यंत तुरळक लोक येतील, मग आजूबाजूच्या कारखान्यांतले लोक येतील, कारण त्यांची सुट्टी ठरलेल्या ठोक्याला होते. पण ऑफिसांची खरी लाट एक वाजता येते. एक ते एक-दहा या वेळेत वीस माणसे आत आली असे धरू. ४४ खुर्च्यांच्या जागेत ही काही फार मोठी अपेक्षा नाही. प्रत्येकाच्या ताटात सुरुवातीला दोन पोळ्या वाढायच्या म्हटल्या तर ४० पोळ्या झाल्या. मिनिटाला दोन या वेगाने त्यांना २० मिनिटे लागतील, म्हणजे विसाव्या माणसाचे ताट त्याच्यापुढे येईल तेव्हा त्याची निम्मी सुट्टी संपलेली असेल. आधी वाढलेल्यांनी तिसरी पोळी मागितली की हा आकडा आणखी वाढतो. मावशींची दुसरी जोडी आणि दुसरा तवा एवढी सोय पावणेएक ते दोन या सव्वा तासापुरती केली, तर त्याच ४० पोळ्या दहा मिनिटांत निघतात.

यावर दोन पळवाटा सुचतील, त्यांचे आधीच सांगतो. पहिली म्हणजे पावणेएकपर्यंत पोळ्या करून डब्यात भरून ठेवणे. त्याने वेळ सांभाळली जाते, पण डब्यातली पोळी वाफेने मऊ पडते आणि तुम्हाला गरम पोळीविषयी पाटीवर एक अक्षरही लिहिता येत नाही. दुसरी म्हणजे ताट आधी मांडायचे आणि पोळी मागून आणायची. माणूस वाट्यांकडे पाहत बसतो आणि त्याच्या लेखी जेवण सुरू होते ते पोळी आल्यावरच; तेव्हा वेळ मोजायची ती पहिली पोळी ताटात पडेपर्यंत. भाकरी मात्र दुपारच्या थाळीत आपणहून देऊ नका. मागणाऱ्याला द्यावी आणि 'थोडा वेळ लागेल' हे तोंडाने सांगावे, कारण थापून भाजायच्या भाकरीने तवा अडतो आणि मागच्या सगळ्यांना उशीर होतो.

एवढा हिशेब मांडल्यावर तुमच्यापुढे दोन रस्ते दिसतात आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे तुमच्या खिशावर आणि जागेवर अवलंबून आहे.

दुसरा तवा बसत असेल आणि सव्वा तासासाठी आणखी दोन मावशी मिळत असतील, तर मी तुमच्या नावाखाली ही ओळ लिहीन:

तव्यावरून थेट ताटात

ही ओळ का निवडली ते सांगतो. ती जेवणाला चांगले म्हणत नाही, जेवण कसे येते ते सांगते. ऑफिसमधला माणूस तिच्यातून 'गरम' आणि 'लवकर' या दोन्ही गोष्टी वाचतो, आणि संध्याकाळी आलेले कुटुंब त्याच ओळीतून 'आपल्यासमोर केलेले' एवढे वाचते. व्हेज थाळीला ती जेवढी लागू आहे तेवढीच चिकन थाळीलाही आहे. तिच्यात तीन शब्द आहेत, आणि मोठ्याने म्हटली तर जीभ कुठे अडत नाही. गेटपाशी उभा राहून कोणी मित्राला फोनवर सांगू लागला तरी ती त्याला सहज सांगता येईल. अट एकच, की तवा रस्त्यावरून दिसला पाहिजे. दर्शनी काचेच्या एका बाजूला, शक्य तितका पुढे तवा घ्या, वर धूर ओढणारी चिमणी नीट बसवा आणि काचेचा तेवढा भाग कोणतेही स्टिकर न लावता मोकळा ठेवा. पोळी फुगताना दिसणे हाच तुमच्या 'घरगुती' या शब्दाचा पर्याय आहे, आणि त्यावर कोणी आक्षेपही घेऊ शकत नाही. जागेच्या रचनेमुळे तवा मागेच राहणार असेल तर ही ओळ घेऊ नका, कारण मग तीही इतरांच्या ओळींसारखी नुसती बोलण्याची होईल.

दुसरा तवा शक्य नसेल तर वेळेच्या वाटेला जाऊच नका. तेव्हा दुसरी गोष्ट पकडा: रोज बाहेर जेवणारा माणूस चवीपेक्षा तेच-ते खाऊन कंटाळतो. त्याच्यासाठी ओळ अशी:

रोजचे जेवण, रोज वेगळे

या ओळीला पोळीची घाई लागत नाही, पण तिला भाज्यांचे वेळापत्रक लागते. दोन आठवड्यांत एकही सुकी भाजी परत येणार नाही एवढे आई आणि वहिनींनी आधी कागदावर लिहून काढावे. लाल भोपळा, घेवडा, पडवळ, कोबी, फरसबी, वांगी, मेथी, दोडका, मटकीची उसळ असे मोजत गेलात तर यादी सहज भरते. खरी अडचण येते ती बाजारात भाव चढला की सगळी हॉटेले बटाट्यावर येतात तेव्हा. त्या आठवड्यात तुम्हीही बटाट्यावर आलात तर ओळ खोटी ठरली असे समजा.

तुमच्या मनात कदाचित 'निवांत जेवा, वेळेत निघा' यासारखे काही येईल, अनेकांना येते. ते टाळा. 'निघा' हा शब्द पाहुण्याला उठवल्यासारखा लागतो, आणि संध्याकाळी कुटुंबासह आलेल्या माणसाला तर तो अपमानच वाटेल. वेळेचे वचन कायमच्या ओळीत घालायचेच नाही, त्याची जागा दारापाशी आहे.

आता त्या दारापाशीच्या मजकुराकडे येतो. वर पहिला रस्ता धरला आहे असे समजून मी तो पूर्ण लिहून देतो:

दुपारची थाळी
व्हेज १५० · चिकन २२०
सर्व करांसह
बसल्यावर दहा मिनिटांत ताट
सोमवार ते शुक्रवार, १२ ते ३

यातल्या प्रत्येक ओळीचे कारण थोडक्यात पाहू. 'व्हेज' आधी आहे, कारण चौघांच्या घोळक्यात एक जण जरी शाकाहारी असला, किंवा गुरुवार-शनिवार पाळणारा असला, तरी कुठे जायचे ते त्याच्यावरच ठरते; चिकन खाणारा व्हेज थाळीच्या ठिकाणी बसू शकतो, उलट होत नाही. तुमच्याकडे दोन्ही एकाच स्वयंपाकघरात होत असेल तर 'शुद्ध' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. व्हेजची भांडी आणि वाढण्याचे चमचे मात्र वेगळे ठेवा, म्हणजे विचारणाऱ्याला आत नेऊन दाखवता येईल.

'सर्व करांसह' ही ओळ छोटी आहे, पण माझ्या मते संपूर्ण पाटीवर सर्वांत जास्त काम तीच करते. तुमच्या आकड्यांवरून वार्षिक उलाढाल जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेपलीकडे जाईल असे दिसते. रोज सरासरी ९० थाळ्या आणि महिन्याला २२ दिवस धरले, तर नुसत्या व्हेज थाळीचे महिन्याला २ लाख ९७ हजार रुपये होतात. नेहमीच्या पद्धतीत नोंदणी केली तर साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के कर लागतो, म्हणजे पाटीवर १५० वाचून आलेल्या माणसाच्या बिलावर १५७ रुपये ५० पैसे येतात. साडेसात रुपये कोणाला जड नसतात. पण चौघांनी आपापले १५०-१५० एकाच्या फोनवर आधीच पाठवलेले असतात, आणि वरचे तीस रुपये कोणी द्यायचे यावर काउंटरपाशी जी चुळबूळ होते तिने जेवणाची गोडी जाते. त्यापेक्षा थाळीचा मूळ दर १४२ रुपये ८६ पैसे धरून कर त्यातच बसवा. कंपोझिशन योजनेत नोंदणी केलीत तर ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटतो. कोणती पद्धत तुम्हाला परवडते ते मात्र तुमच्या लेखापालाने सांगावे, कारण संध्याकाळी तुम्ही ॲपवरून घरपोच विक्री करणार की नाही, यासारख्या गोष्टींवर ते ठरते.

'दहा मिनिटांत' हा आकडा दुसरा तवा चालू असेल तरच लिहावा. त्यातही उद्घाटनाच्या दिवशी लिहू नका. पहिले दोन आठवडे वेळेची ओळ रिकामी ठेवा आणि रोज एक ते पावणेदोन या वेळात घरातल्या एकाने काउंटरवर बसून प्रत्येक टेबलाची बसण्याची वेळ आणि पहिली पोळी पडण्याची वेळ वहीत लिहावी. सरासरी पाहू नका, सर्वांत उशिराचे ताट पाहा, कारण पाटीवरचे वचन त्याच माणसाच्या बाबतीत मोडते. उशिराचे ताट दहाच्या आत येत असेल तर दहा लिहा. बारा-तेरा मिनिटे लागत असतील तर 'पंधरा' लिहा. तो आकडाही वाईट नाही, तासाभराच्या सुट्टीत तो सहज बसतो. वीसच्या पुढे जात असेल तर ओळच काढून टाका, कारण तो आकडा वाचून माणूस थांबणार नाही, उलट पुढे जाईल.

हा मजकूर मुख्य पाटीवर घालायचा नाही. बोर्डवाल्याला आठवड्यात फक्त नाव आणि टॅगलाइन द्या. बाकीचे त्याच्याकडून आज करून घेण्याची गरजच नाही. दर दारापाशीच्या वेगळ्या, बदलता येणाऱ्या पाटीवर असावेत, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, दाराच्या ज्या बाजूने लोक येतात त्या बाजूला.

मुख्य पाटीबाबत समजा तुमचा दर्शनी भाग १४ फूट रुंद आहे आणि पाटी ३ फूट उंच आहे. समोरच्या फुटपाथवरून अंतर चाळीस फूट धरू. पाटीच्या कामात ढोबळ नियम असा, की दर दहा फुटांना एक इंच उंचीचे अक्षर असेल तर ते सहज वाचता येते. म्हणजे टॅगलाइनचे अक्षर किमान चार इंच हवे, मी पाच घेईन. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची समजा. वरची वेलांटी आणि मात्रा, खालचे उकार यांना त्याहून निराळी जागा लागते आणि बोर्डवाले ती नेहमी विसरतात. मग जागा कमी पडली की ते अक्षरे दाबून बसवतात, आणि लांबून 'ताटात' वाचायचे तर नुसती काळी पट्टी दिसते. नाव बारा इंचांत, त्याखाली टॅगलाइन पाच इंचांत, आणि चारी बाजूंना मोकळी जागा, एवढ्यात ३६ इंच भरतात. फोन नंबर, 'आमची कोठेही शाखा नाही', ताटाचा फोटो आणि आजीचा फोटो यांतले काहीही तेथे बसत नाही, आणि बसवूही नये. आजीचा फोटो आत, काउंटरमागच्या भिंतीवर शोभेल.

तुमचा व्यवसाय दिवसाउजेडीचा आहे हे बोर्डवाल्याला दोनदा सांगा. ते बहुतेक वेळा रात्रीचा नमुना दाखवतात, मागून प्रकाश सोडलेली लाल अक्षरे गडद पार्श्वभूमीवर. रात्री ती छान दिसतात, पण भर दुपारी दिवा असून नसल्यासारखाच असतो आणि गडद तांबडे अक्षर काळ्या पाटीत बुडून जाते. फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षर, किंवा गडद हिरव्या-निळ्यावर पांढरे, असे काहीतरी घ्या. नमुना छापून प्रत्यक्ष जागेवर दुपारी एक वाजता धरून पाहा, संगणकाच्या पडद्यावर पाहून होकार देऊ नका.

मुख्य पाटी रस्त्याला समांतर असते, त्यामुळे तुमच्याच फुटपाथवरून चालत येणाऱ्याला ती दिसतच नाही. तो अगदी दाराखाली येईपर्यंत त्याला तुमचे हॉटेल आहे हे कळत नाही. त्याच्यासाठी भिंतीतून काटकोनात बाहेर येणारी, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी लहान पाटी हवी, साधारण दोन फूट बाय अडीच फूट. तिच्यावर 'थाळी १५०' एवढेच लिहा. तिला आणि मुख्य पाटीला महापालिकेची कोणती परवानगी व शुल्क लागते ते प्रभाग कार्यालयात विचारून घ्या. फुटपाथवर ठेवायच्या स्टँडीच्या भानगडीत मात्र पडू नका. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की तो पहिला जातो.

भाषेबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. 'द टेस्ट ऑफ ट्रॅडिशन' रोमन लिपीत मोठे आणि नाव देवनागरीत लहान, अशी तुमची कल्पना असेल तर ती कायद्यातच बसत नाही. दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही नावाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. तुमच्या ऑफिसांत मराठी न वाचणारे लोकही बरेच असतील, हे खरे. त्यांच्यासाठी दारापाशीच्या दरपाटीवर हिंदी-इंग्रजीत 'लंच थाली' एवढे लहान अक्षरांत असू द्या. दराचे आकडे मात्र तेथे रोजच्या व्यवहारातल्या इंग्रजी अंकांतच मोठे घाला, ते सगळ्यांना वाचता येतात.

राहिला रोजचा फळा. दर्शनी मजकुरातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. साधा काळा फळा, दोन फूट बाय तीन फूट, दरपाटीच्या खाली. त्यावर रोज साडेअकराला, सुवाच्य अक्षर असलेल्या एकाच माणसाने, त्या दिवशीची भाजी, आमटी किंवा उसळ आणि गोड असेल तर ते लिहावे. उदाहरणार्थ:

आज बुधवार
भरली वांगी · मुगाची उसळ · सोलकढी
चिकन: मालवणी रस्सा

'आजचे खास' असे वर लिहून रोज तेच ठेवण्यापेक्षा नुसती पदार्थांची नावे बरी. आपल्याकडे मांसाहाराचे दिवस बहुतेकांचे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी चिकनची ओळ खाली आणि व्हेज भाज्या मोठ्या अक्षरांत लिहा. श्रावणात चिकनचे प्रमाण कमी करायचे ठरवलेत तर ते फळ्यावर आधीच कळू द्या. आणि एखादी भाजी संपली की लगेच पुसा. दीड वाजता भरल्या वांग्यांसाठी आत आलेल्या माणसाला 'संपली' हे टेबलावर बसल्यावर कळणे, यासारखी नाराजी दुसरी नाही. संध्याकाळी साडेसहाला हाच फळा पुसून रात्रीच्या पदार्थांसाठी वापरा, आणि दुपारची दरपाटी उलटी करता येईल अशी करून घ्या, म्हणजे तिच्या मागच्या बाजूला कुटुंबांसाठीचा मजकूर बसेल. फॅमिलीला काय सांगायचे आहे ते तेथे सविस्तर लिहा, घाई नाही. ते आधी दुपारची घडी बसल्यावर ठरवा.

छापण्यापूर्वीची एक चाचणी जरूर करा. मुख्य पाटी आणि दरपाटी यांचा खऱ्या मापाचा साधा कागदी नमुना दुकानावर लावा. समोरच्या फुटपाथवर उभे राहून, तुमच्या ओळखीचा नसलेल्या आणि ऑफिसमधून बाहेर पडणाऱ्या एखाद्याला विनंती करा की पाटीकडे तीन सेकंद पाहून नजर वळवा. मग दोनच गोष्टी विचारा: तेथे काय मिळते आणि केवढ्याला. 'पाटी कशी वाटली' हे विचारू नका, त्यावर सगळेच 'छान' म्हणतात. आठ-दहा जणांपैकी बहुतेकांनी 'थाळी, दीडशे' एवढे सांगितले तर काम झाले. ते नाव सांगत असतील पण दर सांगत नसतील तर दरपाटी लहान आहे किंवा चुकीच्या बाजूला आहे. ते 'जेवण असेल बहुतेक' म्हणत असतील तर 'थाळी' हा शब्द आणखी मोठा करा, टॅगलाइनला हात लावू नका.

शेवटी दराबद्दल. वर्ष-दीड वर्षात १५० चे १६० करावेच लागतील. त्या वेळी जुन्या आकड्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली जाते आणि येणाऱ्या प्रत्येकाला दरवाढच आधी दिसते. म्हणून दरपाटीवरचे आकडे पहिल्या दिवसापासून सरकवून बदलता येतील अशा वेगळ्या पट्ट्यांवर करून घ्या, बोर्डवाला त्याचे फार पैसे घेत नाही. काटकोनातल्या पाटीवरही तीच सोय ठेवा, आणि दोन्हीकडचे आकडे एकाच सकाळी बदला.